कर्ज घ्यावं की भागीदार? २२० लाखांचा आकडा काय सांगतो

*नमस्कार. रबाळे एमआयडीसीत आमची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे. औषध कंपन्यांना लागणाऱ्या प्लास्टिकच्या बाटल्या आणि झाकणं आम्ही बनवतो. कंपनीचे सगळे ४ लाख शेअर बाबा, काका आणि माझ्याकडे आहेत. नव्या लाइनसाठी ४ कोटी रुपये हवेत. बँक १० टक्क्यांनी टर्म लोन द्यायला तयार आहे. मुदत सहा वर्षं, पहिल्या वर्षी फक्त व्याज. दुसरीकडे बाबांचे वाशीचे एक व्यापारी स्नेही ४०० रुपये भावाने १ लाख नवे शेअर घेतो म्हणतात. आमच्या सीएंनी शीट काढून दिली. तिच्यात इंडिफरन्स पॉइंट २२० लाख आलाय आणि आमचा अंदाज २८० लाखांचा आहे, म्हणून कर्जच घ्या असं त्यांचं म्हणणं. गेल्या वर्षी व्याज आणि करापूर्वीचा नफा १८० लाख होता. २०२१-२२ मध्ये प्लास्टिकचा दाणा महागला तेव्हा तो १०० वर आला होता. खेळत्या भांडवलाच्या कर्जाचं, म्हणजे सीसीचं, २० लाख व्याज आधीपासून जातंच. काकांना कर्ज नको, बाबांना बाहेरचा माणूस नको. हा २२० चा आकडा येतो कुठून, आणि त्याच्यावर एवढा मोठा निर्णय सोडायचा का?*
*— एक वाचक, ऐरोली*

तुमच्या सीएंचं गणित बरोबर आहे. निष्कर्ष मात्र त्या गणिताला पेलवेल त्यापेक्षा पुढे गेलाय. आधी आकडा तुमचा तुम्ही काढून पाहा, म्हणजे तो कशावर उभा आहे हे दिसेल.

व्याज आणि कर जाण्याआधीच्या नफ्याला आपण एबिट म्हणू. तुमच्या शीटमध्येही तोच शब्द असेल. कर्ज घेतलं तर वर्षाचं व्याज २० लाखांवरून ६० लाखांवर जातं, पण शेअर ४ लाखच राहतात. शेअर दिले तर व्याज २० लाखांवरच थांबतं, पण शेअर ५ लाख होतात. दोन्ही वाटांनी प्रति शेअर कमाई, म्हणजे ईपीएस, सारखाच यावा असा एबिट शोधायचा. सगळे आकडे लाखात:

```
(क्ष − ६०) ÷ ४ = (क्ष − २०) ÷ ५
क्ष = २२०
```

यात कर कुठे गेला, असं तुम्हाला वाटेल. तो दोन्ही बाजूंना सारखाच लागतो, म्हणून कटतो. कंपनीने २२ टक्क्यांचा सवलतीचा दर निवडला असेल तर अधिभार आणि उपकर धरून तो २५.१७ टक्के पडतो. मी सोयीसाठी २५ धरतो. दर ३० असता तरी २२० चा आकडा हलला नसता. (प्रेफरन्स शेअरचा पर्याय असता तर मात्र कर कटला नसता, कारण त्यांचा लाभांश कर भरून उरलेल्या नफ्यातून जातो.) २२० लाखांतून ६० लाख व्याज वजा करा, उरलेल्या १६० वर कर भरा, १२० राहतात, ४ लाख शेअरांवर ते ३० रुपये. दुसऱ्या वाटेने २०० वर कर भरून १५० राहतात. ५ लाख शेअरांवर तेही ३० रुपये.

हेच समीकरणाशिवाय पाहा, कारण बाबांना आणि काकांना समजावताना तेच उपयोगी पडेल. बँकेला दरवर्षी ठरलेले ४० लाख द्यायचे आहेत. तुमच्या स्नेह्यांना ठरलेलं काहीच द्यायचं नाही, पण ५ लाख शेअरांपैकी १ लाख त्यांचे असतील, म्हणजे सीसीचं व्याज जाऊन जे उरेल त्याचा पाचवा हिस्सा कायमचा त्यांचा. तो पाचवा हिस्सा ४० लाख कधी होतो? सीसीच्या व्याजानंतर २०० लाख उरले की. त्यात सीसीचे २० मिळवले की २२०. त्याच्या खाली भागीदाराचा हिस्सा बँकेच्या व्याजापेक्षा कमी पडतो, वर जास्त. इंडिफरन्स पॉइंट एवढंच सांगतो: नफ्याच्या कोणत्या पातळीला भागीदार बँकेइतकाच महाग पडतो.

आता पातळी बदलली की ईपीएस कसा हलतो ते बघा. "निम्मं-निम्मं" म्हणजे २ कोटी कर्ज आणि ५० हजार शेअर.

| एबिट (लाख) | पूर्ण कर्ज | निम्मं-निम्मं | पूर्ण शेअर |
|---|---|---|---|
| १०० | ₹ ७.५० | ₹ १०.०० | ₹ १२.०० |
| १८० | ₹ २२.५० | ₹ २३.३३ | ₹ २४.०० |
| २२० | ₹ ३०.०० | ₹ ३०.०० | ₹ ३०.०० |
| २८० | ₹ ४१.२५ | ₹ ४०.०० | ₹ ३९.०० |

तिन्ही वाटा २२० ला एकाच जागी भेटतात. शेअरचा भाव आणि व्याजाचा दर तेच ठेवलेत तोवर मिश्रण कसंही करा, बिंदू हलत नाही; फक्त दोन्ही टोकांचा चढ-उतार कमी-जास्त होतो. आणि टोकांकडे नीट पाहा. तुमचा अंदाज शंभर टक्के खरा ठरला तर कर्जाने तुम्हाला शेअरमागे सव्वादोन रुपये जास्त मिळतात. २०२१-२२ पुन्हा आलं तर साडेचार रुपये कमी. सीएंच्या शीटमधून "२८० हे २२० पेक्षा मोठं" एवढंच बाहेर येतं, हा उतार तिच्यातून दिसत नाही. २८० वरून नफा साठ लाखांनी, म्हणजे साधारण एकवीस टक्क्यांनी घसरला की कर्जाचा फायदा शून्य होतो. तुमच्या धंद्यात दाण्याच्या भावाने एवढी घसरण केलेली तुम्हीच लिहिली आहे, त्याहून मोठीसुद्धा.

एक गोष्ट तुमच्या आकड्यांत योगायोगाने जुळून आली आहे, तीही सांगतो. गेल्या वर्षी काहीही नवं न करता तुमचा ईपीएस किती होता? १८० मधून २० व्याज, १६० वर कर, १२० लाख, ४ लाख शेअर: ३० रुपये. म्हणजे इंडिफरन्स पॉइंटवर जो ईपीएस येतो तोच. स्नेह्यांनी लावलेला ४०० चा भाव गेल्या वर्षीच्या ईपीएसच्या सव्वातेरा-साडेतेरा पट आहे, त्यामुळे हे जुळलं; दुसऱ्या कंपनीत जुळणार नाही. पण तुमच्यासाठी त्याचा अर्थ सरळ आहे. ४ कोटी घालून एबिट १८० वरून २२० वरच गेला, तर त्या पैशावर १० टक्केच सुटले आणि तुमच्या शेअरमागे एक रुपयाही वाढला नाही. २२० च्या खाली तर दोन्ही वाटांनी तुम्ही गेल्या वर्षापेक्षा मागे जाता. तिथे "कर्ज बरं की शेअर बरे" हा प्रश्नच दुय्यम होतो. ती लाइन घ्यायचीच कशाला, हा खरा प्रश्न असतो. म्हणून २८० चा अंदाज कसा बांधला आहे हे तपासण्यात तुमचा वेळ घाला, बिंदू दोन दशांशांपर्यंत काढण्यात नको.

अंदाज तपासताना पहिलं वर्ष वेगळं काढा. औषध कंपनी नवीन लाइनवरची बाटली लगेच उचलत नाही, हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे. आधी त्यांचं ऑडिट, मग नमुने, आणि बाटलीचं मटेरियल किंवा डिझाइन बदललं असेल तर औषध त्यात टिकतं का याची चाचणी. ती प्रवेगक चाचणी ४० अंश तापमान आणि ७५ टक्के आर्द्रतेला सहा महिने चालते. तोपर्यंत मशीन उभं असतं, ऑपरेटरचे पगार चालू असतात, वीजबिल येत असतं आणि घसारा लागत असतो. कंपनी कायद्याप्रमाणे सर्वसाधारण यंत्रसामग्रीचं आयुष्य १५ वर्षं धरतात, म्हणजे ४ कोटींवर वर्षाला साधारण २५ लाख घसारा. तीन पाळ्या चालवल्या तर दुप्पट. जुन्या धंद्याचे १८० तसेच राहिले आणि नव्या लाइनचा घसारा व चालू खर्च मिळून ४० गेले, तर पहिल्या वर्षाचा एबिट १४० होतो. तिथे पूर्ण कर्जाने ईपीएस १५ रुपये आणि पूर्ण शेअरने १८. अंदाज कितीही चांगला असला तरी तुमचं पहिलं वर्ष बिंदूच्या खालीच जाणार आहे, हे मनाशी धरून चाला.

व्याजाचा दर हा दुसरा सैल खिळा. सूक्ष्म आणि लघुउद्योगांना बँका देतात ती तरत्या दराची नवी कर्जं ऑक्टोबर २०१९ पासून बाहेरच्या मापदंडाला, बहुतेक रेपो दराला, बांधलेली असतात, आणि दर किमान तीन महिन्यांतून एकदा नव्याने लागतो. मे २०२२ च्या सुरुवातीला ४ टक्के असलेला रेपो दर फेब्रुवारी २०२३ मध्ये साडेसहावर होता. एका वर्षाच्या आत अडीच टक्के. तुमच्या १० टक्क्यांचे साडेबारा झाले तर नव्या कर्जाचं व्याज ५० लाख. त्याची पाचपट २५०, आणि सीसीचं व्याजही त्याच हिशेबाने २५ लाख. इंडिफरन्स पॉइंट २७५ वर जातो. ज्या २८० च्या जोरावर कर्ज घ्यायचं ठरतंय, त्याच्या अगदी कडेला. व्याजाच्या प्रत्येक एका टक्क्यामागे हा बिंदू २० लाखांनी सरकतो, तेही फक्त नव्या कर्जाचं धरून. मंजुरीपत्रात दर कशाला बांधलाय आणि त्याच्यावर बँक किती टक्के जास्त लावते, या दोन ओळी आधी वाचा.

आता ज्याच्यासाठी मला हे उत्तर एवढं लांबवावंसं वाटलं ते. ईपीएसमध्ये मुद्दल कुठेच नसतं. व्याज नफ्यातून वजा होतं, पण मुद्दलाचा हप्ता नफा-तोट्याच्या पत्रकात दिसतच नाही, तो थेट बँकेच्या खात्यातून जातो. सहा वर्षांच्या कर्जात पहिलं वर्ष सूट, म्हणजे पुढची पाच वर्षं दरवर्षी ८० लाख मुद्दल. वाईट वर्ष घ्या, एबिट १००. पूर्ण कर्जात व्याज आणि कर जाऊन नफा ३० लाख. घसारा हा रोखीत न गेलेला खर्च, तो परत मिळवा. जुना-नवा मिळून ६० लाख धरू. हातात ९० लाख आले, त्यातले ८० बँकेचे. उरले १० लाख. त्यात एखाद्या मोठ्या गिऱ्हाइकाने बिल महिनाभर लांबवलं की सीसी पूर्ण वापरली जाते आणि दाण्याचं पेमेंट अडतं. ईपीएसच्या शीटमध्ये त्या वर्षी ७ रुपये ५० पैसे असा बऱ्यापैकी सभ्य आकडा दिसत असतो. नफ्यात असलेला कारखाना हप्त्यांना धापा टाकतो, तो असा.

याचीच दुसरी बाजू बघा. तेच कर्ज आठ वर्षांचं केलं, पहिलं वर्ष सूट आणि मग सात हप्ते, तर वर्षाचं मुद्दल ५७ लाखांवर येतं. त्याच वाईट वर्षात १० ऐवजी ३३ लाख उरतात. पूर्ण मुदतीत व्याज साधारण ४० लाखांनी जास्त भरावं लागेल, १६० ऐवजी २०० लाख. पण सीएंच्या शीटवर काय बदललं? काहीच नाही. तोच २२०, तेच ईपीएस. कर्जाची मुदत, जी कारखाना तगणार की नाही हे ठरवू शकते, तिचा या बिंदूला पत्ताच नसतो. म्हणून बँका स्वतः ईपीएस बघून कर्ज देत नाहीत. व्याज आणि हप्ता भरायला रोख किती पट आहे, ते बघतात. तुमच्या सहा वर्षांच्या कर्जाला ते प्रमाण एबिट १८० ला दीडच्या थोडं वर येतं आणि १०० ला जेमतेम १.०८.

न्यायाने शेअरबद्दलही तेवढंच खरं सांगायला हवं. ही शीट एका वर्षाचा फोटो आहे. कर्ज फिटत जातं तसा बिंदू खाली येतो. तीन हप्ते भरून १६० लाख शिल्लक राहिले की नव्या कर्जाचं व्याज १६ लाख आणि बिंदू १०० लाख. सगळं फिटल्यावर तो नफा परत पूर्ण तुम्हा तिघांचा. दिलेले शेअर मात्र फिटत नाहीत. सात-आठ वर्षांनी एबिट ४०० झाला आणि सीसीचं व्याज तेवढंच राहिलं, तर २८५ लाखांच्या निव्वळ नफ्यातले ५७ लाख दरवर्षी स्नेह्यांच्या वाट्याचे. फक्त इथे घाईने "म्हणजे कर्ज स्वस्त" म्हणू नका. जे ४ कोटी मुद्दल तुम्ही बँकेला परत दिलं, ते शेअरच्या वाटेवर कंपनीतच राहिलं असतं. त्यातून सीसी कमी झाली असती, पुढची लाइन आली असती. ते धरल्याशिवाय दोन वाटांची लांब पल्ल्याची तुलना खरी होत नाही. सीएंना सांगून दोन्ही वाटांचा आठ वर्षांचा रोखीचा तक्ता करून घ्या.

आणि शेअरचा भाव. घासाघीस करताना इंडिफरन्स पॉइंट मला सर्वात कामाचा वाटतो. ४०० ऐवजी ५०० भाव मिळाला तर ८० हजार शेअरच द्यावे लागतात, भागीदाराचा हिस्सा सहावा, बिंदू २६०. तुमच्या २८० च्या अंदाजाला मग कर्जाचा फायदा नावापुरता उरतो आणि शेअर देणं सहज पटतं. भाव २५० वर आला तर १ लाख ६० हजार शेअर जातात आणि बिंदू १६० वर येतो, म्हणजे गेल्या वर्षीच्या नफ्यालाही कर्जच वरचढ. शिवाय तेव्हा हिस्सा साडेअठ्ठावीस टक्क्यांवर जातो. विशेष ठरावाला तीन चतुर्थांश मतं लागतात, त्यामुळे पंचवीस टक्क्यांच्या वर गेलेला एकटा भागीदार कंपनीचे मोठे निर्णय अडवू शकतो. वीस टक्क्यांवर ते त्यांना एकट्याने जमत नाही, पण दहा टक्क्यांच्या वर असलेला भागधारक अन्यायाची तक्रार घेऊन कंपनी न्यायाधिकरणाकडे जाऊ शकतो. बाबांची भीती अगदीच हवेतली नाही. भाव तोंडी ठरवून मात्र भागणार नाही. असे शेअर बाहेरच्या माणसाला द्यायला विशेष ठराव आणि नोंदणीकृत मूल्यांककाचा अहवाल लागतो.

भावाबद्दल आणखी एक. ईपीएसची तुलना भागीदाराचा खर्च मोजते तो फक्त त्याच्या वाट्याच्या नफ्याएवढा. २२० ला तो वाटा शेअरमागे ३० रुपये, म्हणजे ४०० वर साडेसात टक्के. १० टक्के कर्जाचा कर वाचवून पडणारा खर्चही तेवढाच. पण कुठलाही व्यापारी साडेसात टक्क्यांसाठी खासगी कंपनीत पैसा अडकवत नाही, ज्यातून बाहेर पडायला गिऱ्हाईक शोधावं लागतं. त्यांच्या मनात त्याहून बराच मोठा आकडा आहे. तो आज कागदावर नाही. तीन वर्षांनी लाभांशाच्या, संचालकपदाच्या किंवा "माझे शेअर तुम्हीच परत घ्या" या मागणीच्या रूपाने येईल. १८० ला शेअरची वाट स्वस्त दिसते ती या अर्धवट मोजणीमुळे. त्यांना आत्ताच विचारा: लाभांश हवा का, कधी बाहेर पडायचंय, कोणत्या भावाने?

काकांशी बोलताना ईपीएसचा कागद पुढे ठेवू नका. बँक बहुधा गाळा तारण घेईल. एमआयडीसीची जमीन भाडेपट्ट्याची असल्यामुळे त्याला महामंडळाची संमती लागते, तिचा वेळ वेळापत्रकात धरा. पण त्याबरोबर तुम्हा तिघांची वैयक्तिक हमीही मागितली जाईल. काकांना नको असलेलं "कर्ज" म्हणजे कदाचित ही सही आहे, तीही निवृत्तीच्या वयात. तसं असेल तर हमी नक्की कोणाकोणाची आणि किती, याची बोलणी बँकेशी मंजुरीपत्रावर सह्या होण्याआधी करायची असतात, नंतर नाही.

मी तुमच्या जागी असतो तर काय केलं असतं ते सांगतो. नव्या लाइनच्या निम्म्या क्षमतेएवढी तरी खरेदी दोन वर्षं करू, असं लेखी पत्र सध्याच्या गिऱ्हाइकांकडून मिळत असेल, तर पूर्ण कर्ज घेतलं असतं, पण सहा वर्षांचं नाही. आठ वर्षांचं, आणि मुद्दलाची सूट कर्ज हातात आल्यापासून नाही तर लाइन सुरू झाल्यापासून बारा महिने. त्यासाठी पाव टक्का व्याज जास्त पडलं तरी दिलं असतं. त्याने बिंदू फक्त पाच लाखांनी वर जातो. तसं पत्र नसेल तर निम्मं-निम्मं. २८० ला तुम्ही शेअरमागे सव्वा रुपया सोडता. त्याबदल्यात वाईट वर्षात, सहा वर्षांच्याच कर्जावर, १० लाखांऐवजी ६५ लाख हातात उरतात. मला तो सौदा स्वस्त वाटतो. पूर्ण शेअर मी दिले नसते. लाइन चालली तर पाचवा हिस्सा फार आहे.

निम्मं-निम्मं करायचं ठरलं तर स्नेह्यांबरोबरच्या करारात दोन गोष्टी घाला. त्यांना शेअर विकायचे झाले तर पहिला हक्क तुम्हा तिघांचा, आणि त्या वेळचा भाव कसा काढायचा याची पद्धत आजच लिहिलेली: कोणत्या तीन वर्षांचा सरासरी ईपीएस, आणि त्याच्या किती पट. आज ते तुमच्याकडून साधारण तेरा पटीने घेत आहेत. परत देताना वीस पट मागायची सोय कागदात राहू देऊ नका. बँकेची मंजुरी ठरावीक दिवसच वैध असते, ती तारीख पत्रावर बघा आणि त्याआधी गिऱ्हाइकांच्या खरेदी विभागाला भेटून या.